पिवळ्या दिव्यामागचे सात टक्के

गेल्या पावसाळ्यात गुरुजी गाडी घेऊन आले तेव्हा चिडलेले होते. पुण्याहून येताना खंबाटकी घाट चढत असताना डॅशबोर्डवर इंजिनाचं चिन्ह पिवळं पेटलं आणि साताऱ्यात पोचेपर्यंत विझलं नाही. दुसऱ्या दिवशी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला दाखवलं. तिथं स्कॅनर लावला, दिवा घालवला आणि "इथेनॉलमुळे होतंय, सगळ्यांचंच होतंय, ऑक्सिजन सेन्सर बदलू आणि इंजेक्टर साफ करू" असं सांगून नऊ हजारांच्या आसपासचा अंदाज हातात दिला. गुरुजींनी नको म्हटलं. आठ दिवसांत, पुन्हा घाटातच, दिवा परत लागला. वर मायलेज अठरावरून पंधरावर आलंय ही त्यांची दुसरी तक्रार. "मला एवढंच सांग," ते म्हणाले, "पेट्रोल खराब आहे की माझी गाडी?"

हा प्रश्न मला आता आठवड्यातून दोन-तीनदा ऐकू येतो. मी साताऱ्यात गॅरेज चालवतो. घरची शेती उसाची, त्यामुळे इथेनॉल माझ्या घरात दोन दारांनी येतं. कारखान्याची डिस्टिलरी चालू राहिली तर उसाचं बिल वेळेवर मिळतं, आणि तेच इथेनॉल पेट्रोलमधून गाडीत शिरून माझ्या गॅरेजमध्ये तक्रार म्हणून येतं. म्हणून या विषयावर दोन्ही बाजूंनी जे बोललं जातं ते मला मनापासून खटकतं. एक बाजू म्हणते, वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या ई-२० पेट्रोलने इंजिन संपली. दुसरी बाजू म्हणते, काही होत नाही, सगळा अपप्रचार आहे. खरं काय घडतंय ते गाडी स्वतः मोजते आणि आकड्यात सांगते. तो आकडा ग्राहकाला कुणीच दाखवत नाही, ना गॅरेजवाला, ना कंपनी, ना पंप. माझं भांडण आहे ते याच्याशी.

हा आकडा म्हणजे फ्युएल ट्रिम. तो समजायला फार विज्ञान लागत नाही. शुद्ध पेट्रोलचा एक किलो पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, त्यामुळे त्याच्या एका किलोला ९ किलो हवा पुरते. वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला लागते सुमारे १३.५ किलो. आता समजा, गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, शुद्ध पेट्रोलच्या हिशेबाने इंजेक्टर उघडतोय. हवा तेवढीच, इंधन तेवढंच, पण या इंधनाला हवा कमी लागते. साहजिकच जळून झाल्यावर धुरात ऑक्सिजन शिल्लक राहतो. सायलेन्सरच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर तो ओळखतो आणि मिश्रण पातळ झालंय, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतंय, असं ईसीयूला कळवतो. मग ईसीयू इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवतो. किती जास्त, ती टक्केवारी म्हणजे ट्रिम. स्कॅनरवर ती दोन ओळींत दिसते. `STFT` ही क्षणाक्षणाला हलणारी दुरुस्ती, आणि `LTFT` ही अनुभवातून शिकून साठवलेली, सावकाश बदलणारी दुरुस्ती. पहिली सारखी एकाच बाजूला झुकू लागली की ईसीयू तो भार दुसरीवर टाकतो.

इथेनॉल नसलेल्या पेट्रोलसाठी बेतलेल्या गाडीत ई-२० भरलं तर हिशेबाने ही दुरुस्ती सात टक्क्यांच्या आसपास यायला हवी. गाडी ई-१० साठी बेतलेली असेल तर चारच्या आसपास. ई-२० साठीच बनवलेल्या गाडीत शून्याच्या जवळ. माझ्याकडे येणाऱ्या तंदुरुस्त गाड्यांत मला थोड्याफार फरकाने हेच दिसतं.

आणि दिवा कधी लागतो? मिश्रण पातळ असल्याचा कोड `P0171`. दोन्ही ट्रिम मिळून ईसीयूची दुरुस्ती करण्याची मर्यादा ओलांडली गेली की तो नोंदला जातो. ही मर्यादा कंपनीनुसार बदलते, पण बऱ्याच गाड्यांत ती वीस ते पंचवीस टक्क्यांच्या घरात असते. शिवाय बहुतेक गाड्यांत एकदा घडून दिवा लागत नाही. लागोपाठ दोन फेऱ्यांत तोच दोष दिसावा लागतो. सात आणि पंचवीस यांच्यातलं अंतर पाहा. तंदुरुस्त गाडीत एकट्या ई-२० ने हा दिवा लागणं कठीण आहे. पण त्याच वेळी, पंचवीसपैकी सात टक्के जागा आता इंधनानेच कायमची अडवून ठेवली आहे, हेही तितकंच खरं आहे. पूर्वी गाडीत पंधरा-सोळा टक्क्यांचा एखादा जुना दोष असला तरी तो आत दडून राहायचा, मालकाला पत्ता लागायचा नाही. आता तोच दोष मर्यादेला जाऊन टेकतो. दिवा लागतो आणि नाव इथेनॉलचं होतं.

गुरुजींच्या गाडीत नेमकं हेच घडत होतं. गाडी २०१४ सालची पेट्रोल हॅचबॅक, अठ्ठ्याहत्तर हजार किलोमीटर चाललेली. मी कोड घालवण्याआधी फ्रीझ फ्रेम उघडली. दोष नोंदला गेला त्या क्षणीची स्थिती ईसीयू फोटो काढावा तशी साठवून ठेवतो: गाडीचा वेग, इंजिनाचे फेरे, इंजिनावरचा लोड आणि दोन्ही ट्रिम. सर्व्हिस सेंटरने पहिल्यांदा दिवा घालवला तेव्हा हा पुरावाही पुसला गेला होता, आणि बऱ्याच गाड्यांत होतं तसं शिकलेली ट्रिमही शून्यावर आली होती. पण दिवा परत लागला होता, त्यामुळे नवीन नोंद जागेवर होती. वेग ताशी ४६ किलोमीटर, लोड भरपूर, `LTFT` १९, `STFT` ७. बेरीज सव्वीस.

हा एक आकडा पुरत नाही. तो वेगवेगळ्या परिस्थितीत कसा बदलतो हे पाहावं लागतं. गुरुजींना शेजारी बसवलं, मागच्या सीटवर पोरगा स्कॅनर धरून बसला आणि आम्ही यवतेश्वरचा घाट चढलो. गॅरेजच्या दारात, इंजिन गरम होऊन गाडी नुसती उभी असताना दोन्ही ट्रिमची बेरीज होती ८. सपाट रस्त्यावर, इंजिन अडीच हजार फेऱ्यांवर असताना १२. घाटात तिसऱ्या गिअरमध्ये, अर्धा ॲक्सिलरेटर दाबून चढताना पोरगा मागून म्हणाला, "दादा, बावीस... चोवीस."

इथं थोडं थांबतो, कारण अख्खं निदान या तीन आकड्यांत आहे. इथेनॉलचं प्रमाण टाकीत एकच असतं. गाडी उभी असो की घाट चढत असो, त्यातल्या ऑक्सिजनचा परिणाम टक्केवारीत सारखाच राहणार. म्हणजे दोष निव्वळ इथेनॉलचा असता तर तिन्ही ठिकाणी जवळपास सात-सात-सात दिसलं असतं. आकडा लोडबरोबर चढत जातो तेव्हा गाडीला मागेल तेवढं पेट्रोल मिळत नाही असा त्याचा अर्थ: पंप थकलाय, फिल्टर तुंबलाय किंवा इंजेक्टर अडलेत. उलट, आकडा उभ्या गाडीत जास्त आणि वेगात कमी होत असेल तर कुठूनतरी चोरवाटेने हवा आत शिरतेय. एखादी रबरी नळी चिरलीय किंवा गॅस्केट गेलंय. हे दुसरं लक्षण मुख्यतः हवेचा प्रवाह थेट मोजणारा सेन्सर असलेल्या गाड्यांत दिसतं. आपल्याकडच्या बऱ्याच लहान गाड्यांत आतला दाब मोजून हवेचा अंदाज बांधतात. तिथं हवा गळत असली तर ट्रिमपेक्षा इंजिनाचे फेरे वाढलेले दिसतात.

मग पेट्रोलच्या लाइनला प्रेशर गेज लावला. या गाडीला साडेतीन बार दाब हवा. उभ्या गाडीत तो ३.४ होता, म्हणजे जवळजवळ पुरा. पेट्रोलची मागणी वाढवली तसा २.६ वर उतरला. इंजेक्टरमधून जाणारं पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतं; दाब साडेतीनवरून २.६ झाला की पेट्रोल सुमारे चौदा टक्क्यांनी कमी पडतं. ते भरून काढायला ईसीयूला इंजेक्टर सोळा टक्के जास्त वेळ उघडावा लागतो. हे सोळा आणि इथेनॉलचे सात एकमेकांवर चढतात, म्हणजे १.१६ गुणिले १.०७, आणि चोवीस होतात. घाटात दिसलेला आकडा हाच.

टाकी उघडली. पंपाच्या जाळीवर आणि फिल्टरमध्ये काळपट तपकिरी गाळ बसला होता, बोटाला चिकटणारा. फिल्टर गाडीबरोबर आलेला, अकरा वर्षांत एकदाही बदललेला नाही. टाकीच्या आतला फिल्टर कुणाच्या लक्षातच येत नाही. इथेनॉल हा चांगला विद्रावक आहे, जुन्या टाकीत साठलेला थर तो सोडवतो आणि तो थर फिल्टरवर येऊन बसतो, ही गोष्ट खरी आहे. पण अकरा वर्षांचा फिल्टर कधीतरी तुंबणारच होता. नवीन फिल्टर घातला, टाकी धुतली, दीडशे किलोमीटर गाडी चालवू दिली आणि पुन्हा तोच घाट चढलो. उभ्या गाडीत ६, सपाटीला ७, घाटात ७. दिवा नाही. ऑक्सिजन सेन्सर जुनाच आहे आणि तो पहिल्यापासून बरोबरच सांगत होता.

म्हणजे गुरुजींच्या प्रश्नाचं उत्तर दोन भागांत निघालं. दिवा लागला गाडीतल्या दोषामुळे. पण दोष काढल्यावरही सात टक्के शिल्लक राहिले, ते पेट्रोलचे. ते गॅरेजमध्ये दुरुस्त होत नाहीत.

मायलेजची तक्रारही अशीच उलगडली. गुरुजी गाडीच्या पडद्यावरचा आकडा धरून बोलत होते: लिटरला पंधरा. पण बऱ्याच गाड्यांत हा आकडा पेट्रोल मोजून येत नाही. इंजेक्टर किती वेळ उघडा होता यावरून किती पेट्रोल गेलं असेल याचा हिशेब कॉम्प्युटर मांडतो. दाब कमी असल्यामुळे इंजेक्टर जास्त वेळ उघडा राहत होता, तरी त्यातून पेट्रोल नेहमीएवढंच जात होतं. पडद्याला वाटत होतं की जास्त गेलं. मी त्यांना टाकी काठोकाठ भरून, पुढच्या भरण्यापर्यंतचे किलोमीटर भागिले लिटर, असं तीनदा करायला सांगितलं. सरासरी आली १६.७. गुरुजींकडे २०१५ पासूनची वही आहे, प्रत्येक भरण्याची तारीख आणि किलोमीटर लिहिलेली. त्या वेळची याच हिशेबाची सरासरी १७.८. तेव्हा पेट्रोलमध्ये इथेनॉल नावापुरतं असायचं. २०१३-१४ च्या हंगामात देशाची सरासरी दीड टक्का होती. आजची घट भरते सहा टक्क्यांच्या थोडी वर.

हे सहा टक्के कागदावरही निघतात. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते. पाचवा हिस्सा इथेनॉल, त्यात एक-तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणजे एकूण पंधरावा हिस्सा कमी: साडेसहा टक्क्यांच्या आसपास. इंजिन काही जादू करत नाही. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असतो, त्याचा फायदा घेऊन कॉम्प्रेशन वाढवलेलं किंवा इग्निशनचं टायमिंग पुढे घेतलेलं इंजिन ही घट थोडी भरून काढतं. पण २०१४ च्या गाडीला तो फायदा घेता येईल असं तिचं इंजिन आणि ईसीयूचं सेटिंग, म्हणजे कॅलिब्रेशन, नाही.

यात मला सगळ्यात जास्त खुपतं ते असं की ही घट सरकारला ठाऊक होती आणि सरकारच्याच कागदात लिहिलेली आहे. जून २०२१ मध्ये नीती आयोग आणि पेट्रोलियम मंत्रालयाच्या तज्ज्ञ समितीचा इथेनॉल मिश्रणाचा आराखडा प्रसिद्ध झाला. मूळ शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० साठी कॅलिब्रेट केलेल्या चारचाकींना ई-२० वर सहा ते सात टक्के, दुचाकींना तीन ते चार टक्के, आणि ई-१० साठी बनवून ई-२० साठी कॅलिब्रेट केलेल्या चारचाकींना एक ते दोन टक्के घट येईल, असं त्यात स्वच्छ म्हटलंय. त्याच आराखड्यात पुढे असंही म्हटलंय की उष्मांक कमी असल्याची भरपाई म्हणून अशा मिश्रित इंधनाची किरकोळ किंमत साध्या पेट्रोलपेक्षा कमी असावी.

यातली पहिली गोष्ट घडली, दुसरी घडली नाही. जून २०२२ मध्ये देशाने दहा टक्के गाठले. फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडक पंपांवर ई-२० आलं. मूळ धोरणात २०३० चं असलेलं वीस टक्क्यांचं लक्ष्य अलीकडे ओढलं आणि २०२५ मध्ये ते गाठलंसुद्धा. भाव मात्र तोच राहिला. ऑगस्ट २०२५ मध्ये लोक ओरडू लागल्यावर मंत्रालयाने खुलासा केला की नव्या गाड्यांत एक-दोन टक्के आणि इतरांत तीन ते सहा टक्के एवढीच किरकोळ घट आहे. इथेनॉलची सरासरी खरेदी किंमत आता लिटरला ७१ रुपयांच्या वर गेली आहे, रिफायनरीतल्या पेट्रोलपेक्षा जास्त, त्यामुळे स्वस्त देणं शक्य नाही, असंही सांगण्यात आलं.

मला हे उत्तर पटत नाही, आणि मी इथेनॉलच्या विरोधात आहे म्हणून नव्हे. कच्च्या तेलाची आयात कमी व्हावी, कारखान्याकडे पैसा यावा, उसाचं बिल थकू नये, हे मलाही हवंय. माझ्या वडिलांनी वर्ष-वर्ष थकलेल्या बिलासाठी कारखान्याच्या दारात खेटे घातलेले मी पाहिलेत. ही देशाची गरज आहे हे मान्य. पण मग तिचा खर्च देशाने उघडपणे उचलावा. गुरुजी महिन्याला हजार किलोमीटर चालवतात. १७.८ ने त्यांना ५६ लिटर लागायचे, १६.७ ने ६० लागतात. पावणेचार लिटर जास्त, लिटरला १०४ रुपये धरले तर महिन्याला पावणेचारशे रुपयांच्या वर. ही रक्कम कुठल्याच बिलावर दिसत नाही, कुठल्या अर्थसंकल्पात नाही, कुणी त्यावर मतदान केलेलं नाही. शिवाय ती वसूल होते ती जुनी गाडी असलेल्याकडून सगळ्यात जास्त आणि नवी गाडी घेणं परवडलेल्याकडून सगळ्यात कमी. खरेदीच महाग असेल तर करातून सवलत द्या, किंवा देणार नाही असं सांगा आणि का नाही ते सांगा. सहा टक्क्यांना किरकोळ म्हणू नका. याच शहरात पेट्रोलला पाच रुपये वाढ झाली तर पहिल्या पानावर बातमी येते.

दुसरी गोष्ट पर्यायाची. ई-२० खेरीज दुसरं पेट्रोल मिळावं आणि पंपावर प्रमाण ठळक लिहावं यासाठी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. १ सप्टेंबर २०२५ ला न्यायालयाने ती फेटाळली. न्यायालयाने धोरणात हात घातला नाही हे समजू शकतो. पण त्यामुळे धोरण ठरवणाऱ्यांची जबाबदारी संपत नाही. युरोपात २०१८ पासून प्रत्येक पंपाच्या नोझलवर आणि नव्या गाडीच्या टाकीच्या झाकणावर गोलात E5 किंवा E10 लिहिलेलं असतं. दोन्ही खुणा जुळवायच्या आणि भरायचं. अमेरिकेत १५ टक्क्यांच्या मिश्रणावर नारिंगी लेबल सक्तीचं आहे आणि ते २००१ किंवा त्यानंतरच्या मॉडेललाच चालतं असं त्यावर लिहिलेलं असतं. ब्राझीलचं उदाहरण आपल्याकडे फार दिलं जातं. तिथं प्रमाण आपल्याहून जास्त आहे हे खरं. पण तिथं २००३ पासून कुठल्याही प्रमाणावर चालणाऱ्या फ्लेक्स गाड्या विकल्या जातात, त्यांना टाकीतलं प्रमाण ओळखून स्वतःला जुळवून घेता येतं. पंपावर निव्वळ इथेनॉल वेगळ्या नोझलने, वेगळ्या भावाने मिळतं, आणि त्याचा भाव पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांच्या आत असला तरच ते भरायचं, हा हिशेब तिथल्या वाहनधारकांना पाठ असतो. तिथं गाडीही तयार केली, भावही वेगळा ठेवला आणि माणसाला निवडही दिली. आपण त्यातलं फक्त प्रमाण घेतलं.

कॅलिब्रेशनबद्दलही बोलायला हवं, कारण तिथं खरंच काही करता येण्यासारखं आहे. ट्रिम म्हणजे सतत चाललेली दुरुस्ती, आणि ही दुरुस्ती प्रत्येक क्षणी चालू नसते. सकाळी गार इंजिन सुरू होताना ऑक्सिजन सेन्सर तापलेला नसतो. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की ईसीयू सेन्सरकडे न बघता ठरलेल्या तक्त्यावरून पेट्रोल देतो. शिकलेली ट्रिम त्या तक्त्याला लावली जाते का, हे गाडीनुसार वेगळं असतं. जिथं लावली जात नाही तिथं त्या वेळी इंजिन सात टक्क्यांनी पातळ मिश्रणावर चालतं. त्यात इथेनॉलला वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा बरीच जास्त उष्णता लागते, म्हणून महाबळेश्वरच्या थंडीत गाडी सकाळी दोन-तीनदा सेल्फ मारल्याशिवाय उठत नाही. २०२० च्या आधीच्या बहुतेक दुचाकींत तर कार्ब्युरेटर आहे. तिथं सेन्सरही नाही, ट्रिमही नाही आणि दिवाही नाही. कार्ब्युरेटरला पेट्रोल बदललंय हे कळतच नाही. गाडी पातळ मिश्रणावर चालत राहते, जास्त तापते, पिकअप देताना अडखळते, आणि मालक प्लग बदलत बसतो. माझ्याकडे रोज दूध घालणारा एक जण वर्षात तीन प्लग बदलून आला होता. त्याला एक नंबर मोठा मेन जेट घातला, एअर स्क्रू लावून दिला, आणि अडखळणं थांबलं.

इंजेक्शनच्या गाड्यांना अशी जेट बदलण्याची सोय नाही, पण ईसीयूमधला मूळ तक्ता कंपनी सॉफ्टवेअरने बदलू शकते. सर्व्हिसला आलेल्या गाडीला अर्ध्या तासाचं काम. ज्या मॉडेलमध्ये नळ्या, सील आणि पंप ई-२० ला टिकणारे आहेत तिथं हे अपडेट कंपन्यांनी मोफत द्यावं आणि सरकारने ते सक्तीचं करावं. याने ऊर्जेची घट भरून निघणार नाही, ती इंधनातच आहे. पण ट्रिम शून्याजवळ येईल, गार इंजिन नीट सुरू होईल आणि दोष ओळखायला ईसीयूकडे पूर्ण पंचवीस टक्के जागा परत मिळेल. नाहीतर हा दिवा नेमका ज्या कामासाठी आहे, ते काम तो चोख करणार नाही. ज्या गाडीत दहा टक्क्यांचा दोष आहे तीही सतरावर दिसेल, आणि तो दोष कुठला ते शोधण्याऐवजी सगळे एकाच उत्तरावर बोट ठेवून मोकळे होतील.

आमच्या धंद्याबद्दलही लिहायलाच हवं. इथेनॉल हे गॅरेजवाल्यांना सापडलेलं फार सोयीचं कारण आहे. ग्राहक ते आधीच मान्य करून आलेला असतो, मंत्र्यांवर चिडलेला असतो, आणि सेन्सर बदलायचा म्हटलं की मान डोलावतो. ट्रिम न बघता ऑक्सिजन सेन्सर बदलणं म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर बदलणं. कोड घालवण्याआधी फ्रीझ फ्रेमचा फोटो काढणं आणि तीन परिस्थितींतली ट्रिम लिहून ग्राहकाला देणं, याला वीस मिनिटांच्या वर वेळ लागत नाही. ग्राहकाने ते मागावं. देणार नाही म्हटलं तर गाडी दुसरीकडे न्यावी.

आणि पंपाने प्रमाण लिहावं. काही ठिकाणी ई-२० ची खूण असते, काही ठिकाणी नसते, आणि त्या दिवशीच्या टाकीत प्रत्यक्ष किती टक्के आहे हे मला कुठल्याच पंपावर लिहिलेलं दिसलेलं नाही. म्हणून मीच मोजतो. शंभर मिलीची बूच असलेली काचेची मोजनळी, त्यात चाळीस मिली पाणी, वर चाळीस मिली पेट्रोल. बूच लावून हलवायचं, मधून एकदा बूच सैल करून वाफ सोडायची आणि दहा मिनिटं स्थिर ठेवायचं. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं, खालचा थर वाढतो. चाळीसचा अठ्ठेचाळीस झाला तर आठ मिली इथेनॉल, म्हणजे चाळिसात वीस टक्के. एखाद-दोन टक्के इकडेतिकडे होतात, पण दहा आणि वीस यांतला फरक स्पष्ट कळतो. हे मोकळ्यावर करायचं, जवळपास आग, बिडी, वेल्डिंग काही नको, आणि उरलेलं मिश्रण गटारात ओतायचं नाही. पावसाळ्यात आणखी एक गोष्ट तपासावी. टाकीत बरंच पाणी शिरलं असेल तर ते ओळखायला मोजनळीची गरजच पडत नाही. टाकीच्या तळाचं पेट्रोल पारदर्शक बाटलीत घेतलं की पाणी आणि इथेनॉल खाली वेगळं झालेलं नुसत्या डोळ्यांनी दिसतं. अशी गाडी चालवायची नाही, टाकी रिकामी करायची.

गुरुजींच्या पेट्रोलचा थर त्या दिवशी अठ्ठेचाळीसच्या रेघेवर थांबला. त्यांनी चष्मा वर करून नळी उजेडात धरली, रेघ पुन्हा पुन्हा पाहिली, आणि खिशातली वही काढून तारखेपुढे "इथे. २० टक्के" असं लिहिलं. तेव्हापासून माझ्या बिलावरही चार रकाने आहेत: उभ्या गाडीची ट्रिम, सपाटीची, चढाची, आणि पेट्रोलमधलं इथेनॉल. पहिले तीन माझं काम आहे. चौथा पंपाने भरायचा आहे, आणि तो भरला जाईपर्यंत मोजनळी माझ्या टेबलावर राहणार आहे.